एका पानाचे क्लिक वाढवले, एवढ्यावर कव्हर नोट लिहिता येते का?

प्रश्न: "ज्युनियर कंटेंट रायटरसाठी अर्ज करतेय. अनुभव शून्य. ओळखीतल्या एका छोट्या ब्लॉगच्या एका पोस्टचं टायटल-डिस्क्रिप्शन मी बदललं आणि क्लिक वाढले. एवढ्यावर कव्हर नोट लिहिता येते का?"

येते, आणि एवढ्यावरच लिहा. "मला लिखाणाची आवड आहे, मी मेहनती आहे" हे सगळं काढून टाका, ते प्रत्येक अर्जात असतं आणि कोणी वाचत नाही.

माझी पहिली नोकरी अशाच एका नोटवर लागली म्हणून लिहितेय. ओळखीतल्या एक काकू शिवणकामावर ब्लॉग लिहायच्या, लिहायच्या फार छान, पण टायटल द्यायच्या "शिवणकामातले अनुभव - भाग 3" असं. आत काय होतं तर मशीनचा वरचा धागा सारखा का तुटतो याची चार कारणं, एकदम नीट समजावलेली: धागा ओवताना वाटेतली एखादी जागा सुटणं, सुई उलटी बसणं, सुई बोथट होणं आणि टेन्शन जास्त घट्ट असणं. आता ज्याचा धागा तुटतोय तो माणूस "अनुभव भाग 3" वर कशाला क्लिक करेल?

सर्च कन्सोल म्हणजे आपलं पान गूगल सर्चमधे कसं चाललंय ते दाखवणारं गूगलचं टूल, त्यात परफॉर्मन्स रिपोर्ट उघडून त्या एका पानावर फिल्टर लावला आणि क्वेरीजचा, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्याचा टॅब बघितला. लोक टाइप करत होते "शिलाई मशीनचा धागा का तुटतो", "मशीनचा वरचा धागा तुटतो". 28 दिवसांत 2400 इम्प्रेशन, म्हणजे पान सर्चमधे तितक्या वेळा दिसलं, क्लिक फक्त 31, म्हणजे सीटीआर, दिसण्याच्या तुलनेत क्लिकचं प्रमाण, 1.3 टक्के, आणि निकालांच्या यादीतली सरासरी पोझिशन 6.4. हे शेवटचं महत्त्वाचं. पान लोकांना दिसत होतं, लोक बघून पुढे जात होते. हेच पान चाळिसाव्या नंबरवर असतं तर टायटल कितीही चांगलं लिहून क्लिक आले नसते, कारण तिथपर्यंत कोणी जातच नाही. म्हणून मी हेच पान निवडलं, आणि ही निवड तुमच्या नोटमधे दिसली पाहिजे, कारण टायटल कोणीही बदलतं, कुठलं बदलायचं हे कळणं ही खरी कामाची गोष्ट आहे.

नवं टायटल केलं: "शिलाई मशीनचा धागा सारखा तुटतो? आधी या 4 गोष्टी तपासा". लोकांचे शब्द सुरुवातीला, कारण टायटल लांबलं की गूगल शेपूट कापतं आणि ते अक्षरं मोजून नाही, रुंदीप्रमाणे. डिस्क्रिप्शन केलं: "धागा नीट ओवला आहे का, सुई उलटी किंवा बोथट आहे का, टेन्शन घट्ट आहे का? कुठल्या क्रमाने बघायचं ते इथे." चारही गोष्टी पोस्टमधे आहेत ना, ते आधी तपासलं. पोस्टचा मजकूर मुद्दाम तसाच ठेवला, एक ओळ बदलली नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच सांगता आलं नसतं.

मग सर्च कन्सोलच्याच यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्स करायची, म्हणजे गूगलने बदललेलं पान नव्याने नोंदवावं अशी विनंती टाकली. आणि मोजायला सुरुवात केली ती सर्चमधे नवं टायटल खरंच दिसायला लागलं त्या दिवसापासून, बदल सेव्ह केला त्या दिवसापासून नाही. हे बरेच जण चुकवतात, मधले दिवस जुन्याच टायटलचे असतात आणि आकडा बिघडतो. पुढच्या 28 दिवसांत 2550 इम्प्रेशन, 97 क्लिक, सीटीआर 3.8, पोझिशन 6.2. पोझिशन जवळपास तीच, ब्लॉगच्या बाकी पोस्टचा सीटीआर होता तिथेच, म्हणजे बदल टायटल-डिस्क्रिप्शनचाच हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येत होतं.

आता ज्यावरून माझं एका सीनियरशी कडाक्याचं वाजलं ते. अर्ज पाठवायच्या आधी त्यांना नोट दाखवली तर म्हणाले, "31 आणि 97 हे काय किरकोळ आकडे देतेस? सरळ लिही, ब्लॉगचा ट्रॅफिक 213 टक्क्यांनी वाढवला." गणित बरोबर आहे, वाक्य खोटं आहे. ब्लॉगचा ट्रॅफिक नाही वाढला, एका पोस्टचे सर्चमधले क्लिक वाढले. आणि ज्याला या कामातलं कळतं तो 213 टक्के वाचून पहिला प्रश्न विचारणार, कितीवरून किती? तेव्हा 31 सांगायला लागलं की पुढचं सगळं पडतं. ते म्हणत राहिले की मोठा आकडा नसेल तर कोणी बोलवत नाही. मी लहान आकडाच पाठवला, इंटरव्ह्यूला बोलावलं, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्नच "पोझिशन तीच होती हे कसं बघितलं?" हा होता. आज मी स्वतः अर्ज वाचते आणि अजूनही तेच म्हणेन, टक्के दिसले आणि मूळ आकडा नसला की मी तो अर्ज बाजूला ठेवते.

माझी नोट साधारण अशी होती:

"तुमच्या ज्युनियर कंटेंटच्या जागेसाठी अर्ज करतेय. शिवणकामावरच्या एका छोट्या ब्लॉगची एक पोस्ट सर्चमधे पहिल्या पानावर येत होती पण तिच्यावर क्लिक होत नव्हते, कारण टायटलमधे लोक शोधतात ते शब्दच नव्हते. मी फक्त टायटल आणि डिस्क्रिप्शन बदललं, मजकूर नाही. 28 दिवसांचे क्लिक 31 वरून 97 झाले, इम्प्रेशन आणि पोझिशन जवळपास तीच राहिली. जुनं आणि नवं टायटल खाली देतेय. एकाच पोस्टचं उदाहरण आहे, बाकी पोस्टवर हा प्रयोग केलेला नाही."

शेवटचं वाक्य काढू नका. त्यानेच वरच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या केसमधे इम्प्रेशन पण खूप वाढली असतील तर सीटीआर उलट कमी दिसू शकतो, कारण पान नव्या क्वेरींना दिसायला लागतं, अशा वेळी आधी आणि नंतर दोन्हीकडे असलेली एकच क्वेरी घेऊन तुलना करा. आणि गूगल तुमचं टायटल किंवा डिस्क्रिप्शन बदलून स्वतःचंच काहीतरी दाखवतं, डिस्क्रिप्शनचं तर असं सारखं होतं, म्हणून सर्चमधे प्रत्यक्ष काय दिसतंय ते बघितल्याशिवाय "माझ्या डिस्क्रिप्शनमुळे" असं लिहू नका. सर्च कन्सोलचा स्क्रीनशॉट जोडणार असाल तर ब्लॉग ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा, डेटा त्यांचा आहे, मी काकूंना विचारूनच जोडला होता.