पाहुणे आले, पण अळी राहिली

प्रश्न: ट्रेंडिंग ऑडिओवर शेतीचे रील टाकतो. लोक हसतात, व्ह्यूज येतात, पण सांगायचं ते डोक्यात जातच नाही. काय चुकतं?

मागच्या हंगामात माझंही हेच झालं, म्हणून लिहितो. भाच्यानं एक ऑडिओ आणला होता. आधी शांतता, मग धाडकन आरोळी. ज्यानं त्यानं त्यावर 'बिनबुलाये पाहुणे आले' असं करून टाकलं होतं. आम्ही शांततेत पऱ्हाटी दाखवली आणि आरोळीवर कामगंध सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग. 'सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग आले तर उपाय सुरू करा' हे कॅप्शनमध्ये घातलं. मी म्हटलं, हे कोणी वाचत नाही. तो म्हणे, "मामा, पयले लोकाईले थांबवा ना, मेसेज कॅप्शनमदी टाकू."

रील धावलं. कमेंट आल्या, "माह्याही सापळ्यात लय सापडले, आता टेन्शन गेलं." बोंबला! एकरी 2 सापळे पाहणीसाठी असतात, तेवढ्यानं अळी आटोक्यात येत नाही. उलट आरोळीवर पतंग अडकलेले दाखवून आम्हीच 'काम फत्ते' असं सांगून बसलो होतो.

माझं मत साफ आहे: आरोळी पडते तिथं जे दिसेल तेच लोक घरी नेतात. म्हणून आधी ठरवा की बघणाऱ्यानं उद्या वावरात जाऊन करायचं ते काम कोणतं, आणि ते काम बरोबर त्या ठोक्यावर ठेवा. विनोद मागाहून बसवता येतो.

दुसऱ्यांदा ऑडिओ तोच घेतला. शांततेत डोमकळी दाखवली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली. तिच्या पाकळ्या अळीनं धाग्यानं बांधलेल्या असतात, म्हणून ती उमलत नाही. आरोळीवर बोटानं पाकळ्या सोडल्या, आत अळी. स्क्रीनवर एवढंच: 'असं फूल तोडा, अळीसकट नष्ट करा.' आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही कळलं. पतंगांचा आकडा पूर्ण वगळला, कारण एका ठोक्यावर एकच गोष्ट मावते. त्या आकड्याला वेगळं रील लागतं, तीन रात्रींचे तीन ठोके असलेलं.

कमेंटमध्ये या वेळी लोकांनी आपापल्या वावरातल्या डोमकळीचे फोटो पाठवायचे का, असं विचारलं. पोहोचलं की नाही ते मी यावरूनच धरतो.

हां, हे रील पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, फुलं लागताना टाका. ट्रेंड तोवर थांबत नाही, तेव्हा फुटेज आधीच्या हंगामात काढून ठेवा आणि ऑडिओ वेळेवर शोधा. आणि बिझनेस खातं असेल तर बरेच ट्रेंडिंग ऑडिओ मिळतच नाहीत, हे मला उशिरा कळलं.

व्ह्यूज मात्र पाहुण्यांनाच जास्त आले. भाचा अजून तेच काढून दाखवतो.