ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल, पण कर्ज कुणाच्या नावावर?

प्रिय,

तू पाठवलेलं जाहिरातीचं पान पाहिलं. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता शून्य’ हे शब्द ठळक आहेत, पण कर्ज तुझ्याच नावावर असेल, हे मात्र त्यात कुठेच नाही. मी पंधरा वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर बसलो, म्हणून आधी तेच सांगतो.

तुझ्या फ्लॅटची किंमत 80 लाख आणि कर्ज 60 लाख. व्याज 9 टक्के धरलं, तर पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला 45 हजार होतात. बिल्डर भरणार ते हेच. त्यात मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही, ताबा घेशील तेव्हाही कर्ज 60 लाखच असेल.

आणि हे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. त्याच्या ऑफिसात जाऊन विचार, बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे दिले तर भाव काय? समजा 73 लाख म्हणाला, तर ते व्याज तू सात लाखांनी आधीच भरलंस. त्या सात लाखांवर पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 84 हजार.

खरी भीती मात्र पुढे आहे. माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं, मुलगी मांडीवर. बिल्डरने दीड वर्ष व्याज भरलं, मग बंद केलं. इमारत सातव्या मजल्यावर थांबलेली आणि बँकेने मात्र जवळपास सगळी रक्कम आधीच देऊन टाकलेली. पुढच्याच महिन्यात हप्ता थकल्याचा मेसेज त्यांना आला, बिल्डरला नाही. सिबिल त्यांचं घसरलं. बँक, बिल्डर आणि कर्जदार यांच्यातल्या त्रिपक्षीय करारात लिहिलेलंच होतं की बिल्डर भरो न भरो, जबाबदारी कर्जदाराची. आम्ही तेच कलम दाखवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगितलं होतं की पैसे बांधकामाच्या प्रगतीला धरून द्या. तरी दिल्लीलगतच्या प्रकल्पांत हजारो लोक असेच अडकले आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर-बँक संगनमताचा तपास सीबीआयकडे सोपवला.

तुझ्या करारात बिल्डरच्या व्याजाला शेवटची तारीख आहे का, ते शोध. ‘24 महिने किंवा ताबा, यातलं जे आधी’ असं असेल, तर ताबा लांबताच भार तुझ्यावर येईल. बँकेकडून लेखी घे की वास्तुविशारदाच्या दाखल्याशिवाय पुढचा टप्पा सुटणार नाही. आणि बिल्डर थांबलाच, तर रागाने हप्ता बुडवू नकोस. झेपेल तोवर भर, बिल्डर आणि बँक दोघांना लेखी नोटीस दे, ताब्याची कराराची तारीख उलटली की महारेराकडे रेरा कायद्याच्या कलम 18 खाली तक्रार कर. पैसे व्याजासह परत किंवा विलंबाचं व्याज, दोन्हीपैकी काय मागायचं ते तूच ठरवायचंस.

सही करण्याआधी त्रिपक्षीय कराराचा मसुदा मला पाठव. रविवारी बसून वाचू.

तुझा,
काका