पाळी लवकर आली, म्हणून लवकर गेली?

"मॅडम, मी अकराव्या वर्षी शहाणी झाले. आता बेचाळिशीतच पाळी गेली, वर्ष झालं. लवकर सुरू झाली म्हणून लवकर संपली का? कॅन्सर तर होणार नाही ना? पोरगीपण दहाव्यातच बसली."

निपाणीकडच्या, विड्या वळणाऱ्या अक्कांचा हा प्रश्न. बीजांचा साठा लवकर उघडला तर लवकर रिकामा होणार, असा त्यांचा हिशेब. तो चुकतो. जन्मतः मुलीच्या अंडाशयांत दहा-वीस लाख बीजं असतात, पाळी येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पाळीसाठी पिकतात जेमतेम चारशे. बाकीची पाळी असो-नसो, आपोआप जिरतात. ती किती वेगानं जिरायची हे बऱ्याच अंशी घराण्यावर असतं. म्हणून पहिला प्रश्न आईचा. "आईचीबी चव्वेचाळिसाव्यात गेली," अक्का म्हणाल्या.

दुसरा प्रश्न तंबाखूचा. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी साधारण एक-दोन वर्षं आधी जाते. अक्का विडी ओढत नाहीत, मिश्री मात्र दिवसातून तीनदा. ती सोडायला दातांचं आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारणच पुरेसं आहे.

पिशवी काढली होती का, हेही विचारायचं. कित्येकींना फक्त 'पिशवी काढली' एवढंच ठाऊक असतं. सोबत अंडाशयं गेली का, ते डिस्चार्ज कार्डावर पाहावं लागतं. अक्कांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबली की वय झालं म्हणून सोडून देत नाहीत: आधी गर्भधारणेची तपासणी, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणारा हार्मोन. एफएसएच चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण या वयात तो वर-खाली होतो. अक्कांचा दोन्ही वेळा वाढलेला आला, म्हणजे पाळी खरंच गेली होती.

आता कॅन्सर. पाळी जितकी लवकर येते आणि जितकी उशिरा जाते, तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 117 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, पाळी एक वर्ष आधी आल्यास सुमारे 5 टक्के, आणि एक वर्ष उशिरा गेल्यास सुमारे 3 टक्के वाढ दिसली. अक्कांच्या बाबतीत पहिल्यानं वाढलं ते दुसऱ्यानं बरंचसं फेडलं. खरी काळजी हाडांची आणि हृदयाची: इस्ट्रोजेन लवकर आटलं की दोन्हींची झीज लवकर सुरू होते. म्हणून रक्तदाब, साखर, चरबी तपासली, हाडांची डेक्सा चाचणी सांगितली. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही नसल्यामुळे साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन गोळ्या घेण्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडलं. रोज नाचणीची भाकरी आणि दही, शिवाय विड्यांची सुपली बाजूला ठेवून अर्धा तास चालणं.

लेकीचं दहावं वर्ष लवकरचं, पण आजार नव्हे. आईकडून आलेलं असतं, वजन जास्त असलं तरी लवकर येते. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली असती, तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं असतं. जाताना अक्कांनी एकच विचारलं, पुन्हा रक्त दिसलं तर? एक डागही असला तरी थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.