नाडीपट्टीत नवऱ्याचं वर्णन निघालंय म्हणे, मग आता काय करायचं?

अगं,

तुझा मेसेज वाचला, नाडीवाचनाच्या बैठकीचा ऑडिओही दोनदा ऐकला. आईचं म्हणणं असं, की ऋषींनी प्रत्येकाचं भविष्य ताडपत्राच्या पट्टीवर आधीच लिहून ठेवलंय, तुझ्या पट्टीत बाबांचं नाव मुकुंद, आईचं सुनंदा, भावंडं किती, शिक्षण कोणतं, सगळं बरोबर निघालं, मग सातव्या कांडातलं, म्हणजे लग्नाच्या प्रकरणातलं, नवऱ्याचं वर्णन तरी खोटं कसं असेल. आणि बाबा म्हणतात सगळी फेकाफेक. दोघांचं भांडण तुझ्या डोक्यावर, आणि मधे ते नाशिकचं स्थळ लटकलंय. मी इतकी वर्षं चेन्नईत काढली आणि तमिळ वाचता येतं म्हणून तू मला विचारलंस, तर जे माहीत आहे ते सांगते. चिडून काही उपयोग नाही, बाबांनाही सांग.

आधी पट्टी सापडते कशी ते नीट बघ. वैथीश्वरन कोइल, म्हणजे तामिळनाडूत सिर्काळीजवळचं गाव, तिथे मंगळाचं प्रसिद्ध नवग्रह क्षेत्र आहे, त्यामुळे लग्न जमत नाही म्हणून मंगळाची पूजा करायला आलेली माणसं आणि नाडीकेंद्रं एकाच रस्त्यावर भेटतात. बायकांचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात, पुरुषांचा उजव्या. ठशावरून गठ्ठा काढतात. आता ठशाचे मूळ प्रकार तीनच, कमान, शंख आणि चक्र, आणि त्यातले शंख आणि चक्र अगदी सर्रास दिसतात. केंद्रवाले १०८ प्रकार सांगतात, पण १०८ धरले तरी प्रत्येक प्रकारात लाखो माणसं येणार. म्हणजे ठशाने गठ्ठा मिळतो, तुझी पट्टी नाही. पट्टी मिळते ती प्रश्नांनी.

तुझ्या ऑडिओत ते प्रश्नच नाहीत गं. तो सुरू होतो "मिळाली तुमची पट्टी" इथून. माणसं घरी येऊन ऐकतात, भारावतात, आणि अर्धा-पाऊण तास आधी काय झालं ते विसरूनच जातात. आईला शांतपणे विचार, वाद न घालता, की त्याआधी काय काय विचारलं. बहुतेक वेळा हे असं चालतं: वाचक एक पट्टी उचलतो, "वडिलांचं नाव देवाचं आहे का?" हो. "शंकराचं?" नाही. नाही आलं की पट्टी बाजूला, पुढची घ्यायची. "विष्णूचं?" हो. "चार अक्षरी?" नाही. "तीन?" हो. "म वरून आहे का?" हो. आता म वरून, तीन अक्षरी, विष्णूचं नाव, मराठी घरातलं, तूच सांग किती उरली. माधव, मुकुंद, मुरारी, फार तर अजून एखादं. आईला वाटतं मी नुसतं हो नाही म्हटलं, मी तर काहीच सांगितलं नाही. पण अर्ध्या-अर्ध्याने वाटणारे १० प्रश्न १०२४ शक्यतांमधून एक निवडतात, २० प्रश्न १० लाखांहून जास्त शक्यतांमधून. खऱ्या बैठकीत बाजूला पडलेल्या प्रत्येक पट्टीबरोबर दोन-तीन प्रश्न जातात, आणि प्रत्येक "नाही" सुद्धा माहितीच असते. वाचक मुद्दाम फसवतो असं मी म्हणत नाही, त्याला स्वतःलाही पट्टी सापडतेय असं वाटत असू शकतं. पण नाव बरोबर आलं एवढ्यावरून पट्टीत ते होतं हे सिद्ध होत नाही, कारण ते नाव खोलीत आईने स्वतःच पोचवलेलं होतं.

आता वही. तुम्हाला ती तमिळ श्लोकांची वही मिळाली ना, आई तीच दाखवते सगळ्यांना. मी तिचे फोटो वाचले, हो, त्यात मुकुंदन आहे, सुनंदा पण आहे. पण वही बैठकीनंतर लिहिलेली असते, आजच्या सरळ लिपीत, त्यामुळे तिच्यात नाव असण्याला काही अर्थ नाही. पुरावा असेल तर तो ताडपत्रावर. म्हणून मागायचं असेल तर ते मागा, मूळ पट्टीचा फोटो, दोन्ही बाजू, चांगल्या उजेडात, पट्टी खोलीबाहेर जायच्या आत. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी ऋषींची आज्ञा नाही म्हणतात. नाही म्हटलं तर ती गोष्ट तारखेसकट वहीत लिहून ठेवायची, बस.

फोटो मिळालाच तर लगेच कोणी "वाचलं, नाव आहे" म्हणालं म्हणून पण विश्वास ठेवू नकोस, इथे लिपीची एक गंमत आहे जी मराठी माणसाला सहसा माहीत नसते. तमिळमध्ये क, ख, ग, घ ला एकच अक्षर, त, थ, द, ध ला एक, प, फ, ब, भ ला एक. शिवाय जुन्या ताडपत्रांवर लोखंडी लेखणीने कोरायचे, टिंबाने पान फाटेल म्हणून व्यंजनावरचं टिंब देतच नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ चा फरकही दाखवत नसत, तो फरक १८व्या शतकात बेस्की नावाच्या पाद्रीने आणला. शब्दांमधे जागा नाही, काजळी फासून अक्षरं दिसायची. अशा ओळीत ज्याला मुकुंद शोधायचाय त्याला तो कुठेतरी सापडू शकतो. म्हणून फोटो अशा तमिळ माणसाला द्यायचा ज्याला तुमची नावं माहीतच नाहीत, जुनी हस्तलिखितं वाचायची सवय असलेला कोणी मिळाला तर उत्तमच, आणि त्याला एवढंच विचारायचं, "यात काय लिहिलंय ते ओळीने लिहून दे." "यात मुकुंद आहे का" असं विचारायचं नाही, तसं विचारलं की खेळ संपला.

उलट, पट्टीवर सगळीकडे व्यवस्थित टिंबं आणि आजच्यासारखे ए-ओ दिसले, तर ती प्रत जुनी नाही हे नक्की. केंद्रवाले म्हणतील नक्कल पुन्हा पुन्हा करत आलेत, ताडपत्र काय हजारो वर्षं टिकत नाही, आणि ते खरंच आहे. पण मग "ऋषींनी लिहिलेलं" हा शब्द जरा जपून वापरावा लागेल. आणि कार्बन डेटिंगचं कोणी काढलं तर लक्षात ठेव, त्यात पानाचं वय कळतं, त्यावर कोरलेल्या अक्षरांचं नाही.

आता मुख्य प्रकरण, तुझं सातवं कांड. ऑडिओत दुभाष्या म्हणतो, लग्न २७ ते २९ मधे, मुलगा दक्षिण किंवा नैऋत्य दिशेचा, शिकलेला, यंत्र किंवा आकड्यांशी संबंधित काम, नाव अ, स, र किंवा प वरून, स्वभावाने थोडा रागीट पण मनाचा चांगला. तू २७ ची, घरात स्थळं बघणं चालू आहे, मग २७ ते २९ हे काय भविष्य झालं का. यंत्र किंवा आकडे म्हणजे इंजिनिअर, आयटी, सीए, बँक, तुला येणारी निम्म्याहून जास्त स्थळं त्यातच असतील. अ, स, र, प ही चार अक्षरं तुझ्याच वर्गातल्या मुलांवर लावून बघ, किती निघतात. रागीट पण चांगला, हे तर बाबांनाही लागू होतं आणि मलासुद्धा.

दिशेचं मात्र नीट मांडून बघू, कारण आईने नाशिकच्या मुलाला त्यावरूनच नकार दिलाय. नाशिक पुण्याच्या उत्तरेला, म्हणून तो नाही. पण दिशा कशाची? जन्मगावाची, आत्ताच्या घराची, की नोकरीच्या जागेची? पट्टीत सांगितलेलं नाही. दिशा आठ, त्यातल्या दोन चालतात, आणि तीन जागांपैकी कुठलीही एक जुळली की "बरोबर निघालं" म्हणणार. तिन्ही जागांच्या दिशा एकमेकींवर अवलंबून नाहीत आणि आठही दिशा सारख्याच शक्य आहेत असं धरलं तर तिन्ही हुकण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे साधारण ४२ टक्के, म्हणजे ५८ टक्के वेळा कुठल्याही मुलाला हे लागू पडेल. आणि हा मुलगा नोकरीला कुठे आहे, तूच लिहिलंयस, बंगळूरला! काटेकोर मोजलं तर ते पुण्याच्या आग्नेयेला, पण "दक्षिणेकडचा" म्हणून सहज खपेल. म्हणजे एकच ओळ, त्याच मुलाला नाकारायलाही चालली आणि पत्रिकेत छापायलाही चालेल. हे आईसमोर चिडवत नको, कागदावर मांडून दाखव, ती अकाउंट्सवाली आहे, तिला कळेल.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर एक चाचणी घरच्याघरी होते, आणि ती आई-बाबा दोघांना मान्य असेल तरच करा, नाहीतर निकालावरून परत भांडण. बाबांच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्या आणि ज्याला बाबांच्या घरच्यांची नावं खरोखर माहीत नाहीत अशा माणसाकरवी दुसऱ्या केंद्रात द्या, दुसऱ्या फोन नंबरवरून, तुमच्यापैकी कोणाच्याही नावाने बुकिंग न करता. त्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला "मला माहीत नाही" एवढंच म्हणायचं, जे खरंच आहे. बायकोचं नाव, लग्नाचं वय, मुलं किती, हे आधीच पाकिटात लिहून बंद करून ठेवायचं, आणि किती जुळलं म्हणजे पास तेही आधीच ठरवायचं, नंतर नाही. पट्टी ठशावरून सापडत असेल तर प्रश्न फक्त खात्रीपुरते, मग सुनंदा हे नाव यायलाच हवं. केंद्राने "माणूस समोर हवा" म्हटलं तर ते त्यांचं म्हणणं आहे, पण मग अडतंय ते ठशावर की उत्तरांवर, हे आईला आपोआप विचारावंसं वाटेल. आणि पाकिटातलं सगळं तंतोतंत आलं तर मला लगेच फोन कर, मी स्वतः पुढच्या गाडीने वैथीश्वरन कोइलला जाईन, हे चेष्टेत नाही म्हणत.

आता शांती कांड. ऑडिओच्या शेवटी येतं ते, मागच्या जन्मी एका बाईला दुखवलंस म्हणून लग्नाला उशीर, अमुक देवळांत दिवे, अन्नदान, मग दीक्षा कांड आणि मंत्र, प्रत्येक कांडाचे पैसे वेगळे. हे तपासताच येत नाही, कारण लग्न झालं तर परिहाराने झालं आणि नाही झालं तर विधीत काहीतरी राहिलं. इथे माझं मत स्पष्ट आहे, पट्टीचा फोटो आणि तो पाकिटाचा निकाल हातात येईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. आईला देवळात जायचंय तर जाऊ दे की, मंगळाचं दर्शन कोणी अडवत नाही, त्याला नाडीची पावती लागत नाही.

नाशिकच्या मुलाबद्दल: त्याला पट्टीचं सांगायचं की नाही ते तू ठरव, मी असते तर सांगितलं असतं, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, हसत, आणि तो काय म्हणतो ते ऐकलं असतं. त्याच्या घरी पण कोणी पट्टी काढली असेल तर त्यात बायको कुठल्या दिशेची आलीय ते नक्की विचार. आणि मला वहीचं पान ४ आणि ५ परत पाठव, फोटो हललाय, सातव्या कांडाची सुरुवात वाचता येत नाहीये.

तुझी मावशी