हप्त्याची खरेदी आणि सरासरीचा हिशेब: वाचकांची प्रश्नोत्तरे

मी म्युच्युअल फंडात दर तिमाहीला २,००० रुपयांची एसआयपी भरते. चार हप्त्यांच्या एनएव्हीची, म्हणजे एका युनिटच्या भावाची, सरासरी मी काढली ती ३६.७५ रुपये आली, पण खातेउताऱ्यावर सरासरी खरेदी किंमत ३४.४१ रुपये लिहिली आहे. कोणाचे चुकले? – एक शिक्षिका, दारव्हा, जि. यवतमाळ

दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. आपण पत्रात दिलेले एनएव्ही ४०, ५०, ३२ आणि २५ रुपये असे आहेत. दर वेळी रक्कम तीच राहिल्यामुळे आपल्याला अनुक्रमे ५०, ४०, ६२.५ आणि ८० युनिट मिळाले, म्हणजे एकूण २३२.५. आपण भरलेल्या ८,००० रुपयांना या संख्येने भागले की ३४.४१ येतात. साध्या सरासरीत चारही भावांना सारखेच वजन असते. परंतु प्रत्यक्षात २५ रुपयांच्या भावाने आपण ८० युनिट घेतले आहेत आणि ५० रुपयांच्या भावाने केवळ ४०, त्यामुळे स्वस्त भावाचे वजन महाग भावाच्या दुप्पट झाले आहे.

या सरासरीला गणितात हरात्मक मध्य म्हणतात. प्रत्येक भावाने एकाला भागायचे, आलेल्या संख्यांची बेरीज करायची आणि हप्त्यांच्या संख्येला त्या बेरजेने भागायचे. आपल्या बाबतीत १/४०, १/५०, १/३२ आणि १/२५ यांची बेरीज ०.११६२५ होते आणि ४ ला तिने भागले की तोच ३४.४१ चा आकडा मिळतो. हप्त्याची रक्कम यात कोठेच येत नाही, म्हणून २,००० च्या जागी ५०० रुपये भरले असते तरी उत्तर बदलले नसते. (१ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते; २,००० रुपयांवर ते १० पैसे होते आणि त्याने उताऱ्यावरील युनिट किंचित कमी दिसतात. या हिशेबात त्याने फरक पडत नाही.)

सगळे भाव सारखे असतील तर दोन्ही सरासऱ्या एक होतात. भाव थोडे जरी हलले तरी हरात्मक मध्य खालीच राहतो. तो किती खाली राहील हे मात्र भावातील अंतरावर ठरते. दोन हप्ते ४८ आणि ५२ रुपयांना पडले तर साधी सरासरी ५० आणि खरेदी किंमत ४९.९२, म्हणजे फरक ८ पैशांचा. तेच भाव ४० आणि ६० असतील तर खरेदी किंमत ४८ येते आणि फरक थेट २ रुपयांचा होतो. भावातील अंतर पाचपट झाले तेव्हा फरक पंचवीसपट झाला. ज्या फंडाचा एनएव्ही संथपणे चढतो, तेथे हा फरक जवळजवळ दिसतच नाही.

आमच्याकडे येणारे एजंट सांगतात की एसआयपीत खरेदी नेहमीच सरासरी भावापेक्षा कमी किमतीला पडते, म्हणून नफा ठरलेलाच. हे खरे मानावे का? – एक संत्रा बागायतदार, वरुड, जि. अमरावती

वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. वरचेच चार भाव आपण दोन क्रमांनी लावून पाहू. समजा भाव २५, ३२, ४०, ५० असा चढत गेला. एकूण युनिट २३२.५, खरेदी किंमत ३४.४१ आणि शेवटच्या भावाने मूल्य ११,६२५ रुपये, म्हणजे ३,६२५ रुपयांचा नफा. आता तेच भाव ५०, ४०, ३२, २५ असे उतरत गेले असे समजा. युनिट तितकेच, खरेदी किंमत तीच, साध्या सरासरीपेक्षा ती तेवढ्याच २.३४ रुपयांनी कमी. पण मूल्य ५,८१२ रुपये ५० पैसे, म्हणजे सुमारे २,१८७ रुपयांचा तोटा.

हरात्मक मध्याला भावांचा क्रम कळत नाही, आणि नफा-तोटा तर शेवटचा भाव कोठे आहे यावरच ठरतो. एजंटांना विचारायचा प्रश्न एवढाच की आजचा एनएव्ही माझ्या सरासरी खरेदी किमतीच्या वर आहे की खाली. साध्या सरासरीशी केलेली तुलना ही खरे तर दर वेळी सारखेच युनिट घेणाऱ्या माणसाशी केलेली तुलना आहे, आणि तशी खरेदी क्वचितच कोणी करतो.

एकरकमी गुंतवणुकीशी तुलना केली तर चित्र आणखी वेगळे दिसते. चढत्या क्रमात पहिल्याच दिवशी ८,००० रुपये घातले असते तर ३२० युनिट मिळून मूल्य १६,००० झाले असते, म्हणजे तेथे हप्ते मागे पडले. उतरत्या क्रमात मात्र एकरकमी पैशांचे ४,०००च उरले असते. उतरत्या बाजारात हप्त्यांचा खरा उपयोग असा की भाव ३४.४१ पर्यंत परतला तरी मुद्दल सुटते, ५० ची वाट पाहावी लागत नाही. तो तेथपर्यंत परतेलच, असे मात्र हे सूत्र सांगत नाही.

आमची तूर घरात ठेवून आम्ही गरजेप्रमाणे विकतो. दर वेळी ३०,००० रुपये सुटतील एवढीच नेतो. यात सरासरीचा काही फायदा होतो का? – एक शेतकरी, कारंजा, जि. वाशीम

येथे तेच गणित उलटे फिरते आणि तोट्याचे ठरते. हिशेबाच्या सोयीसाठी तीन वेळचे भाव क्विंटलला ६,०००, ७,५०० आणि १०,००० रुपये धरू. ३०,००० साठी आपल्याला अनुक्रमे ५, ४ आणि ३ क्विंटल तूर न्यावी लागली. भाव पडलेला असताना सर्वांत जास्त माल गेला आणि भाव चढला तेव्हा सर्वांत कमी. १२ क्विंटलचे ९०,००० आले, म्हणजे क्विंटलला ७,५००. साधी सरासरी ७,८३३ आहे. त्याच तीन दिवशी प्रत्येकी ४ क्विंटल विकली असती तर ९४,००० मिळाले असते. ठरावीक रकमेची विक्री हरात्मक मध्याने होते, ठरावीक मालाची साध्या सरासरीने. त्यामुळे घेणाऱ्याला जे परवडते ते विकणाऱ्याला महाग पडते.

मुलांची फी किंवा कर्जाचा हप्ता आला की रक्कम ठरलेलीच असते, हे मान्य आहे. तरीही जेथे हातात मोकळीक आहे तेथे क्विंटल ठरवून विकणे बरे. म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

मी मध्येच हप्ता २,००० वरून ३,००० केला. आता हरात्मक मध्य कसा काढू? – एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया

रकमा सारख्या नसतील तर वरचे सूत्र जसेच्या तसे लावू नये. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागावे. समजा २,००० रुपये ४० च्या भावाने गेले आणि ३,००० रुपये ५० च्या भावाने. युनिट ५० आणि ६० मिळून ११०, आणि खरेदी किंमत ४५.४५, भावांची साधी सरासरी मात्र ४५ आहे. खरेदी किंमत साध्या सरासरीच्या वर गेली, कारण जास्त पैसे महाग भावाला गेले. हरात्मक मध्याची हमी सारख्या हप्त्यांपुरतीच आहे.

युनिट विकताना करासाठीही ही सरासरी चालत नाही; आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असे धरले जाते. यांतले ५० युनिट ५२ च्या भावाने विकले, तर सरासरीने नफा ३२७ रुपये दिसेल, पण करासाठी तो पहिल्या ४० रुपयांवरून मोजून ६०० रुपये धरला जाईल.