टोन्ड दुधातला 'टोन' कुठला?

प्रश्न : टोन्ड दूध प्यायल्याने बॉडी टोन होते का? शिवाजी पार्कात रोज पळतो, मग फुल क्रीम, टोन्ड, स्किम्ड की ए-टू, कोणतं घेऊ?

नाही होत हो! जिममध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीडच येते. इथे टोन होतं ते दूध, पिणारा नाही.

हा शब्द आपल्या मुंबईचा आहे. 1946 मध्ये इथे दुधाची टंचाई होती, तेव्हा आरे कॉलनीवाले दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर मिसळून ते वाढवायची पद्धत आणली, आणि 'टोन्ड' हे नावही त्यांचंच मानलं जातं. एक लिटर म्हशीचं दूध घ्या, फॅट 6 टक्के. त्यात लिटरभर पाणी घातलं की फॅट 3 टक्क्यांवर येतं, पण फॅट सोडून बाकीचा ऐवज, म्हणजे प्रोटीन, साखर, क्षार, तोही 9 वरून साडेचारवर घसरतो आणि दूध पाणचट लागतं. म्हणून साधारण 90 ग्रॅम पावडर घालून तो परत साडेआठवर आणायचा. एकाचे दोन लिटर झाले!

कोशवाली मंडळी सांगतात की फॅट उतरवलं, टोन डाऊन केलं, म्हणून टोन्ड. मला हे साफ अमान्य आहे. फॅट तर स्किम्डमध्येही उतरतं, अर्ध्या टक्क्याच्या आत जातं, मग त्याला टोन्ड का नाही म्हणत? टोन हा मूळ ग्रीक 'तोनोस', म्हणजे ताण, आणि त्याचा सख्खा भाऊ आपला संस्कृत 'तन्' धातू. ताण, तणाव, तंतू आणि गवयाची तानसुद्धा त्यातलीच! त्यामुळे माझ्या मते टोन्ड दूध म्हणजे ताणलेलं दूध, पुरवून पुरवून शहराला पुरेल इतकं ताणलेलं. स्नायूंचा टोनही त्याच 'तोनोस'मधून आलाय, गोंधळ होतो तो इथेच.

आणि ए-टू ही दुधाची प्रत नाही की फॅटचा आकडा नाही. बीटा-केसीन नावाच्या प्रोटीनच्या साखळीत 67 व्या जागी प्रोलीन हे अमिनो ॲसिड असेल तर ए-टू, हिस्टिडीन हे असेल तर ए-वन, एवढाच फरक. म्हशीचं दूध मुळातच ए-टू, म्हणजे तुमच्या नेहमीच्या म्हशीच्या पिशवीत ते आहेच, त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला? लॅक्टोज दोन्हीत सारखंच, तेव्हा त्याने पोट फुगत असेल तर ए-टूने ते थांबणार नाही.

पळणाऱ्याला कोणतं म्हणाल तर 250 मिलीच्या ग्लासात प्रोटीन सगळीकडे जवळपास तेवढंच, 8 ग्रॅमच्या आसपास. फॅट मात्र फुल क्रीममध्ये 15 ग्रॅम, टोन्डमध्ये साडेसात, म्हणजे ग्लासामागे 65-70 कॅलरीचा फरक. वजन उतरवायचं असेल तर टोन्ड घ्या, पळून पळून वाळत चालला असाल तर फुल क्रीम.