ग्रेडकार्डाच्या फोटोवरून एसजीपीए: ओळी बरोबर उतरल्या का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: सेमिस्टरच्या ग्रेडकार्डाचा फोटो आहे. त्यातले विषयांचे कोड, क्रेडिट आणि ग्रेड टाइप न करता एक्सेलमध्ये घेऊन सरासरी काढता येईल का?

उत्तर: येते. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये फोटोवरून तक्ता उचलायची सोय आहे. फोटो बरोबर वरून काढा आणि नुसता तक्ता राहील असा कापा, नाहीतर शिक्का आणि वॉटरमार्कची अक्षरंही ओळींमध्ये घुसतात. समजा हे उतरलं:

```
CS301  4  A+
CS302  3  B+
CS303  3  A
CS304  2  O
HS301  2  A
```

हे A2 पासून ठेवा. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत O म्हणजे १०, A+ ९, A ८, B+ ७, B ६, C ५, P ४ आणि F शून्य. ही यादी G2:H9 मध्ये लिहा. काही संस्थांची श्रेणी वेगळी असते, म्हणून कार्डाच्या मागची बाजू आधी बघा. मग D2 मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली ओढा, दुसरं सरासरीसाठी:

```
=VLOOKUP(TRIM(C2),$G$2:$H$9,2,FALSE)
=SUMPRODUCT(B2:B6,D2:D6)/SUM(B2:B6)
```

इथे ११७ भागिले १४, म्हणजे ८.३६.

O चं शून्य झालं किंवा B+ चं 8+ झालं, तर `#N/A` दिसतं आणि चूक लगेच सापडते. अशा चुकांची मला काळजी नाही. खरा घोळ गप्प बसणाऱ्या चुकांचा. क्रेडिटचा 2 जर Z म्हणून उतरला, तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि ती ओळ वरच्या आणि खालच्या दोन्ही बेरजांतून गळते. HS301 असा गळला तर उत्तर ८.४२ येतं आणि ते खरंच वाटतं. म्हणून आधी क्रेडिटची बेरीज कार्डावरच्या एकूण क्रेडिटशी ताडून पाहा. १४ ऐवजी १२ दिसले की समजा. मात्र एखाद्या विषयात F असेल, तर ‘मिळवलेले क्रेडिट’ कमीच छापलेले असतात. तिथे नोंदवलेले क्रेडिट धरा.

क्रेडिट जुळले पण सरासरी जुळली नाही, तर बहुतेक वेळा A+ मधलं अधिकचं चिन्ह उडालेलं असतं. बारीक छपाईत ते पहिलं जातं. तो विषय शोधायला सगळं कार्ड पुन्हा वाचू नका. समजा तुमचं उत्तर ८.०७ आलं आणि कार्डावर ८.३६ आहे. फरक ०.२९, त्याला १४ ने गुणलं की जवळपास ४. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाची ग्रेड एक पायरी घसरली, आणि तसा विषय CS301 एकच आहे. गुणाकार ३ च्या आसपास आला असता, तर तीन क्रेडिटचे दोनच विषय तपासावे लागले असते.

ऑडिट कोर्सला क्रेडिट शून्य असतं आणि त्याची ग्रेड यादीत सहसा नसते. ती ओळ सरळ काढून टाका, नाहीतर तिच्या `#N/A` मुळे सरासरीच येणार नाही.